धार्मिक व्हिडिओखालच्या कमेंट: वाद पेटला की आधी काय करायचं आणि उत्तर पिन कधी करायचं

प्रवचनाचा, ग्रंथवाचनाचा किंवा उपासनेचा व्हिडिओ टाकला आणि खाली भांडण जुंपलं, की बहुतेक चॅनेलवाले घाईघाईने एक शांततेचं आवाहन लिहून पिन करतात. मग विरोधातल्या कमेंट काढायला लागतात. दुसऱ्या दिवशी भांडण दुप्पट होतं, कारण आता मुद्दा ग्रंथाचा राहत नाही, “आमच्या कमेंट का काढल्या?” हा होतो. माझ्या पाहण्यात इथे चूक क्रमाची असते. पिन हे शेवटचं काम आहे, आणि त्याआधी करायच्या कामांत सगळ्यात अवघड काम आहे आपल्याच बाजूच्या माणसांच्या शिव्या काढणं.

इथे यूट्यूब धरून लिहितो आहे, कारण लांबीचे धार्मिक व्हिडिओ मुख्यतः तिथेच असतात. पडद्यावर दिसणारे शब्द जसेच्या तसे दिले आहेत. तुमची मांडणी थोडी वेगळी असली तरी या नावांच्या सोयी स्टुडिओत शोधता येतील.

## १. अपलोड करण्याआधी: रेघ कुठे ओढायची ते लिहून ठेवा

“आक्षेपार्ह कमेंट काढू” हा नियम नव्हे. धार्मिक व्हिडिओखाली प्रत्येकाला दुसऱ्याचं काही ना काही आक्षेपार्ह वाटतंच. मॉडरेशन करणाऱ्या दोघांनी एकच कमेंट वेगवेगळ्या वेळी वाचली तरी दोघांचा निर्णय सारखा यावा, इतकी रेघ स्पष्ट हवी. मी वापरतो तो प्रश्न एकच आहे: ही कमेंट म्हणण्यावर आहे की माणसावर?

“हा अर्थ चुकीचा आहे”, “या ग्रंथात असं कुठेच नाही”, “मला हे सगळं थोतांड वाटतं” या कमेंट म्हणण्यावर आहेत. तिसरी वाचताना भाविकाला त्रास होतो हे खरं, पण ती राहते. “हे सांगणारा विकला गेलेला आहे”, “तुमची जमातच अशी”, “तुला घरी येऊन दाखवतो” या माणसावर आहेत. त्या जातात. वक्त्याच्या अभ्यासावर शंका घेणं चालेल, त्याच्या आई-वडिलांवर जाणं चालणार नाही.

मधली एक जागा अवघड आहे. एखाद्या पूज्य व्यक्तीबद्दल, जी आज हयात नाही, कोणी अभद्र लिहितो. ती कमेंट म्हणण्यावर की माणसावर? आमचा निर्णय असा: टीका असेल तर राहते, निव्वळ शिवी असेल तर जाते. आणि हाच निर्णय दुसऱ्या पंथाच्या पूज्य व्यक्तीलाही तंतोतंत लागू. हे आधी लिहून ठेवलं नाही तर वादाच्या रात्री आपल्या पूज्य माणसासाठी एक माप आणि त्यांच्यासाठी दुसरं माप लागतं, आणि आपल्याला ते कळतही नाही.

माणसं दोन तरी हवीत. एकाला विषय कळला पाहिजे, म्हणजे खरा आक्षेप आणि डिवचणं यातला फरक तो ओळखेल. दुसऱ्याला बोलीतल्या शिव्या, टोमणे आणि आडनावांवरून मारलेले शेरे कळले पाहिजेत. विषय जाणणारा विद्वान बऱ्याचदा दुसऱ्या गोष्टीत अगदी भोळा असतो. वक्त्याला स्वतःला या कामावर कधीही बसवू नका. स्वतःवरची टीका तोलून निर्णय देणं कोणालाच जमत नाही, आणि तो रागाच्या भरात एक ओळ लिहून जातो ती कायमची स्क्रीनशॉटमध्ये राहते.

> तपासा: तुमच्याच जुन्या व्हिडिओखालच्या वीस कमेंट निवडा. दोघांनी वेगवेगळे बसून “राहील” किंवा “जाईल” असं लिहा. तीन-चारांपेक्षा जास्त ठिकाणी फरक पडला तर नियम अजून धूसर आहे. फरक पडलेल्या कमेंटवर बोला आणि नियमाचे शब्द बदला.

## २. शब्दयादी: इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

स्टुडिओच्या `Settings` मध्ये कमेंट-मॉडरेशनचा भाग आहे. तिथे `Blocked words` या चौकटीत स्वल्पविराम देऊन शब्द लिहिता येतात. त्यातला शब्द असलेली कमेंट थेट दिसत नाही, ती तपासणीसाठी `Held for review` मध्ये अडकते. थेट प्रक्षेपण चालू असेल तर चॅटमधला तसा संदेश अडवलाच जातो.

पहिली चूक म्हणजे धर्माचं, पंथाचं, समाजाचं नाव यादीत घालणं. हेतू चांगला असतो, पण मग “आमच्याकडे हेच वचन असं म्हणतात” अशी सभ्य माहिती देणारा माणूसही अडकतो. त्याला वाटतं, आपल्या समाजाचं नाव घेतलं म्हणून कमेंट गायब झाली. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. नावं यादीत घालू नका. नावांची मोडतोड करून बनवलेल्या हिणवणाऱ्या शब्दांना मात्र यादीत जागा द्या. ते शब्द कोणीही प्रेमाने वापरत नाही.

दुसरी चूक म्हणजे शब्द एकाच रूपात लिहिणं. मराठीत शब्दाला प्रत्यय लागतो आणि शब्दाचं अंग बदलतं, त्यामुळे मूळ शब्द अडला तरी “-ला”, “-नी”, “-ांचे” लागलेलं रूप निसटू शकतं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक आणि रोमन लिपीत लिहायची सवय. प्रत्येक शिवीची किमान चार रूपं यादीत घाला: मूळ शब्द, त्याचं सामान्यरूप, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाचं रूप, आणि रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंगं. अक्षरांमध्ये टिंब किंवा तारा घालून लिहिणारे तरीही निसटतील. ते हाताने काढायचे.

दुवे अडवण्याची वेगळी खूण त्याच पानावर असते. ती चालू ठेवा. धार्मिक वादात लोक दुवे चिकटवतात तेव्हा ते वाचायला कोणी जात नाही, पण वाद बाहेर नेऊन तिथली माणसं इकडे आणण्याचं काम मात्र होतं. ग्रंथाचा आधार द्यायचा असेल तर ग्रंथाचं नाव आणि अध्याय लिहून भागतं.

> खबरदारी: `Approved users` मध्ये टाकलेल्या माणसाच्या कमेंट या चाळण्यांमधून जात नाहीत. निष्ठावान म्हणून तिथे टाकलेले लोकच वादाच्या दिवशी सर्वात तिखट लिहितात. ती यादी रिकामी ठेवली तर काही बिघडत नाही.

> तपासा: यादी भरली की चॅनेलशी संबंध नसलेल्या दुसऱ्या खात्यावरून पाच कमेंट टाकून पाहा: दोन सभ्य, तीन अडायला हव्यात अशा. सभ्य अडल्या तर यादी कापा.

## ३. व्हिडिओ टाकल्यानंतरचे पहिले तास

व्हिडिओ अशा वेळी टाका की पुढचे तीन-चार तास कोणीतरी जागं आणि मोकळं असेल. रात्री अकराला टाकून झोपायला जाणं हे मी पाहिलेल्या निम्म्या वादांचं मूळ आहे.

या तासांत घाई का, त्याला कारण आहे. मूळ कमेंट काढली की तिच्याखालची सगळी उत्तरंही तिच्याबरोबर जातात. शिवीगाळीची कमेंट दहा मिनिटांत काढली तर फक्त तीच जाते. सहा तासांनी काढायला गेलात तर तोवर तिच्याखाली एखाद्या जाणकाराने शांतपणे, मेहनतीने लिहिलेलं उत्तरही असतं, आणि तेही जातं. तो माणूस पुन्हा लिहीत नाही.

वाचताना क्रम `Newest` ठेवा. `Top comments` मध्ये आपल्याला आवडणाऱ्या जुन्या कमेंट वर दिसत राहतात आणि खाली काय सुरू झालं ते कळत नाही. उत्तरांच्या साखळ्या उघडून वाचा. मूळ कमेंट “खूप छान” असते आणि खालच्या चौदाव्या उत्तरात धमकी असते.

मॉडरेशनचा दर्जा मधला ठेवावा, म्हणजे संशयित तेवढं अडेल. सुरुवातीपासून `Hold all` ठेवलं तर प्रत्येक कमेंट मंजूर करावी लागते, आणि मंजुरी द्यायला माणूस नसेल तर व्हिडिओखाली शुकशुकाट दिसतो. अडकलेली कमेंट जास्तीत जास्त ६० दिवस तपासणीत राहते. तोवर निर्णय घेतला नाही तर लिहिणाऱ्याच्या दृष्टीने आपण त्याचं म्हणणं दाबलं.

## ४. वाद पेटला: पिन करण्याआधीचा क्रम

इथे एक घडलेला प्रसंग सांगतो, म्हणजे क्रम का असा ते दिसेल. चाळीस मिनिटांच्या एका प्रवचनात अठराव्या मिनिटाला वक्त्यांनी एका वचनाचा अर्थ सांगितला. त्या वचनाचे दोन पाठ प्रचलित आहेत, एका शब्दाचा फरक. वक्त्यांनी आपल्या परंपरेचा पाठ घेतला, आणि जाता जाता म्हणाले, “काही लोक इथे चुकीचा शब्द म्हणतात.” दुसरा पाठ म्हणणाऱ्या परंपरेतल्या एका श्रोत्याने दुपारी लिहिलं: “आमच्या घरात चार पिढ्या हाच पाठ आहे. चुकीचा कशावरून?” प्रश्न सरळ होता. त्याला आमच्या तीन नियमित श्रोत्यांनी उत्तर दिलं. पहिला म्हणाला, अभ्यास वाढवा. दुसऱ्याने त्याच्या चार पिढ्या काढल्या. तिसऱ्याने त्याच्या आडनावावरून समाज ओळखून त्यावर शेरा मारला. रात्री त्या परंपरेचे लोक गटाने आले, आणि त्यांनी वक्त्यांवर जे लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आम्ही तेव्हा जे केलं ते चुकलं. आधी पिन केलं, मग बाहेरून आलेल्यांच्या कमेंट काढल्या. तिसऱ्या श्रोत्याचा तो समाजावरचा शेरा आमच्या लक्षातच आला नाही, कारण तो “आपला” होता. सकाळी त्याचाच स्क्रीनशॉट फिरत होता, आणि वरच्या बाजूला आमचं शांततेचं आवाहन दिसत होतं. आता क्रम असा आहे.

पहिलं: वेग थांबवा. व्हिडिओच्या कमेंट सेटिंगमध्ये `Pause` निवडा. आहेत त्या कमेंट दिसत राहतात, नवी पडत नाही. कमेंट पूर्ण बंद करू नका. बंद केल्या की जुन्याही दिसेनाशा होतात आणि पळून गेल्यासारखं वाटतं. माणसं हाताशी असतील तर `Pause` ऐवजी `Hold all` करता येतं, पण मग दर अर्ध्या तासाने सभ्य कमेंट सोडत राहावं लागतं.

दुसरं: काढण्याआधी नोंद. धमकी, कुणाचा फोन नंबर, पत्ता, समाजावर उठण्याचं आवाहन असेल तर आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात खात्याचं नाव आणि वेळ दिसली पाहिजे. कमेंटच्या नावाशेजारी “३ तासांपूर्वी” असं जे दिसतं ते दाबलं की त्या कमेंटचा स्वतंत्र दुवा मिळतो, त्यात `&lc=` असतं. तो दुवा नोंदवहीत ठेवा. मगच `Report` करा आणि काढा. नुसती काढली तर उद्या तक्रार करायला हातात काही उरत नाही. धमकी कुणाला खरोखरच दिली असेल तर त्या माणसाला कळवणंही आपलंच काम.

तिसरं: आपल्या बाजूच्या कमेंट आधी. नोंद झाली की नियम मोडणाऱ्या आपल्या समर्थकांच्या कमेंट पहिल्यांदा काढा. हे क्रमाने पहिलं करायचं कारण व्यवहाराचं आहे. समोरच्या बाजूच्या पन्नास कमेंट काढून झाल्यावर माणूस दमतो, रागावलेला असतो, आणि आपल्यांकडे वळेपर्यंत त्याला त्यांचं वागणं रास्त वाटायला लागतं. ताज्या डोक्याने आपल्यांकडे बघा. “एवढे चांगले श्रोते, त्यांची कमेंट कशी काढू?” असं वाटेल. काढा. नेहमी येणारा माणूस असेल तर ओळखीतून त्याला नंतर सांगता येईल.

चौथं: समोरच्या बाजूच्या. इथे उलटी काळजी घ्यायची. शिवीगाळीच्या गर्दीत खरा प्रश्न विचारणाऱ्या चार कमेंट असतात. त्या राखा. आमच्या प्रसंगात चार पिढ्यांवाली पहिली कमेंट नेमकी अशी होती. तिच्याखालची तीन उत्तरं घाणेरडी होती, म्हणून कोणीतरी मूळ कमेंटच काढायला निघालं होतं, कारण एका फटक्यात सगळं साफ होतं. ती काढली असती तर प्रश्न विचारणाराच गप्प झाला असता आणि शिव्या देणारे मोकळे सुटले असते. अशा वेळी उत्तरं एकेक करून काढायची, वेळ लागला तरी.

वारंवार तेच लिहिणाऱ्याला चॅनेलवरून लपवता येतं. त्याला तशी सूचना जात नाही. हे हत्यार एका दिवसाच्या रागासाठी नाही. धमकी आणि समाजावरचं विष पसरवणं याला एकदाच पुरे, बाकीच्यांना तीन वेळा कमेंट काढून झाल्यावर. `Hidden users` ची यादी महिन्यातून एकदा बघा. रागाच्या भरात लपवलेला एखादा सभ्य माणूस हमखास सापडतो.

> खबरदारी: या सगळ्या काळात चॅनेलच्या नावाने साखळीत एकही उत्तर लिहू नका. “आपण गैरसमज करून घेता आहात” इतकंही नको. चॅनेलचं प्रत्येक उत्तर त्या साखळीला नवा श्वास देतं.

> तपासा: नोंदवहीत मोजा, काढलेल्यांत आपल्या बाजूच्या किती. शून्य असतील तर पुन्हा पहिल्यापासून वाचा. वाद दोन्हीकडून झाला आणि शिव्या एकाच बाजूने दिल्या, असं मी तरी कधी पाहिलेलं नाही.

## ५. पिन करायचं उत्तर लिहिणं

आधी वाद नेमका कशावर आहे ते एका वाक्यात कागदावर लिहा. वरच्या प्रसंगात आम्हाला वाटत होतं वाद पाठावर आहे. पहिल्या दहा कमेंट पुन्हा वाचल्यावर कळलं, वाद “चुकीचा” या एका शब्दावर होता. व्हिडिओतलं ते मिनिट पुन्हा ऐका, आठवणीवर जाऊ नका. वक्ते म्हणत होते मी तसं बोललोच नाही. ध्वनिमुद्रणात शब्द स्पष्ट होता.

दुसरं, आपलं काही चुकलं का, याचं उत्तर वक्त्यांकडून घेऊनच लिहायला बसा. चुकलं असेल तर ते पिनमध्ये पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे. लांब कमेंट मिटलेली दिसते आणि पुढचं वाचायला ती उघडावी लागते. बहुतेक लोक उघडत नाहीत. म्हणून नमस्कार, आशीर्वाद, “सर्व भाविकांना सप्रेम” हे वरून काढून टाका. इतर ठिकाणी ते शोभतं, इथे ते मुद्द्याची जागा खातं.

आमचं त्या रात्रीचं पिन असं होतं:

> सर्व भाविकांना नम्र विनंती, कृपया वाद घालू नये. आपण सगळे एकच आहोत. आमच्या गुरुजींचा अनेक वर्षांचा अभ्यास आहे, ज्यांना कळत नाही त्यांनी शांतपणे ऐकावं. विनाकारण कमेंट करणाऱ्यांना ब्लॉक केलं जाईल.

यात प्रत्येक वाक्य आग लावतं. “आपण सगळे एकच” हे ज्याच्या पाठाला चुकीचं म्हटलं त्याला सांगितलं, म्हणजे त्याची तक्रार झटकली. “ज्यांना कळत नाही” हा उघड अपमान. “विनाकारण” म्हणजे कोणतं कारण चालेल ते सांगितलंच नाही. आणि मुद्द्याबद्दल, त्या अठराव्या मिनिटाबद्दल, एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या जागी हे लावलं:

> 18:20 च्या पाठाबद्दल: या वचनाचे दोन्ही पाठ परंपरेने चालत आलेले आहेत. प्रवचनात त्यातला एक घेतला आहे. दुसऱ्याला “चुकीचा” म्हटलं, ते आमचं चुकलं.
>
> कोणत्या पाठाने अर्थ अधिक चांगला लागतो यावर मतभेद जरूर मांडा. ग्रंथाचं नाव आणि अध्याय दिलात तर उत्तम. आमच्या विरोधातल्या अशा कमेंटही राहतील.
>
> माणसाला किंवा समाजाला शिवी, धमकी, कुणाचा नंबर-पत्ता दिसला तर कमेंट काढू, लिहिणारा कोणत्याही बाजूचा असो. कालपासून दोन्ही बाजूंच्या काढल्या आहेत, त्यात आमच्या नियमित श्रोत्यांच्याही आहेत. काल रात्रीचं आमचं पिनही आम्ही मागे घेतलं आहे.
>
> दोन्ही पाठांवर वक्ते पुढच्या व्हिडिओत बोलतील. तोवर इथे एकेकाला वेगळं उत्तर देणार नाही.
>
> – चॅनेलचे कार्यकर्ते, १२ तारीख, सायंकाळी ६

सुरुवातीला वेळ आहे, म्हणजे नव्याने येणाऱ्याला वाद कुठला ते कळतं. ती इंग्रजी अंकांत लिहिली की तिचा दुवा बनतो आणि दाबल्यावर व्हिडिओ त्या ठिकाणी जातो. पाठ कोणता बरोबर याचा निकाल पिनमध्ये दिलेला नाही, आणि तो कधीच देऊ नये. जुनी मतं पाचशे अक्षरांत मिटत नाहीत, आणि निकाल दिला की पुढचा वाद त्या निकालावर होतो. काय राहील ते आधी सांगितलं आहे आणि काय जाईल ते नंतर, कारण वाचणाऱ्याला आधी आपल्याला बोलता येईल हे कळायला हवं. “पुढच्या व्हिडिओत” हे वचन आहे. पाळता येणार नसेल तर ती ओळ लिहूच नका.

पिनमध्ये कुणाचंही नाव किंवा खातं घेऊ नका, कौतुकानेसुद्धा नाही. ज्याचं नाव घ्याल त्याच्याकडे झुंड वळते. एखाद्या श्रोत्याची समंजस कमेंट पिन करायचा मोह होतो, यूट्यूब तशी सोयही देतं. वादाच्या दिवसांत ते करू नका, सगळ्या शिव्या त्या बिचाऱ्याच्या कमेंटखाली जमा होतील. भार चॅनेलनेच घ्यावा.

ग्रंथातलं वचन उद्धृत करून “बघा, राग सोडा असं सांगितलंय” असं लिहिण्याचाही मोह होतो. दुसऱ्या बाजूला तेच वचन आपल्यावर फेकल्यासारखं वाटतं. पिनमध्ये उपदेश नको.

> तपासा: लिहिलेलं उत्तर समोरच्या परंपरेतल्या ओळखीच्या एका माणसाला पाठवा आणि विचारा, “यात कुठे टोचतं?” आम्हाला त्यातूनच कळलं की आधीच्या मसुद्यातला “काही ठिकाणी दुसरा पाठही म्हणतात” यातला “ही” टोचतो आहे. एक अक्षर, पण त्याने दुसरा पाठ उपरा ठरत होता.

## ६. पिन करणं आणि त्यानंतरचे दोन दिवस

चॅनेलच्या खात्यावरून ही स्वतंत्र कमेंट म्हणून टाका. कुणाच्या कमेंटखालचं उत्तर पिन होत नाही. मग तीन टिंबांतून `Pin`. एका व्हिडिओवर एकच कमेंट पिन राहते. नवी केली की जुनी सुटते, पण ती पुसली जात नाही, खाली कुठेतरी पडून राहते. आमचं पहिलं पिन तसंच खाली सापडलं आणि लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून दाखवली. जुनं हाताने काढा, आणि वर दिसतं तसं, मागे घेतल्याचं नव्यात सांगा.

नंतर शब्द बदलला तर पिन अजून वर आहे का ते दुसऱ्या खात्यातून बघा. अर्थ बदलणारा बदल असेल तर शेवटी तारीख-वेळ टाकून एक ओळ जोडा. गुपचूप बदललेलं पिन लोकांच्या लक्षात येतं, स्क्रीनशॉट असतात.

आता `Pause` काढा, पण पूर्ण मोकळं सोडू नका. पहिली रात्र `Hold all`, मग मधला दर्जा. सगळ्यात जास्त लक्ष द्यायची जागा म्हणजे पिनखालची उत्तरं. ती सर्वांना आधी दिसतात, म्हणून भांडायला आलेला माणूस तिथेच लिहितो. तासातासाला ती जागा बघा. तिथे म्हणण्यावरचा विरोध पडला तर तो राखणं फार गरजेचं आहे. “माफी अर्धवट आहे” असं कोणी लिहिलं तर ते दिसू द्या. ते काढलं तर पिनमधला दुसरा परिच्छेद खोटा ठरतो.

आपले श्रोतेही इथे येतात आणि लिहितात, “माफी कशाला मागितली? आपलंच बरोबर होतं.” हे म्हणण्यावर आहे, राहील. पुढे “त्या लोकांना” असं सुरू झालं की जाईल.

> खबरदारी: समोरच्यांचा एखादा आक्षेप खरोखर बरोबर निघाला, म्हणजे तारीख, नाव किंवा अध्याय वक्त्यांकडून चुकला असेल, तर व्हिडिओच्या वर्णनातही दुरुस्ती लिहा. पिन कधीतरी सुटतं, वर्णन राहतं.

## ७. पिन कधी काढायचं

वाद शमला की लगेच काढू नका. दुसरीकडे कुठे तो व्हिडिओ पुन्हा फिरला की नवी माणसं येतात, आणि त्यांना झालेलं काही माहीत नसतं. सलग दहा-बारा दिवस `Held for review` मध्ये त्या विषयावरचं काही अडकलं नाही आणि वचन दिलेला पुढचा व्हिडिओ टाकून झाला, की मग पिन बदलायचं. रिकामी जागा सोडण्यापेक्षा दोन ओळींचं नवं पिन बरं: “18:20 च्या पाठावर वक्त्यांनी पुढच्या व्हिडिओत सविस्तर सांगितलं आहे. ‘चुकीचा’ या शब्दाबद्दलची दुरुस्ती वर्णनात आहे.” जुनं लांब उत्तर खाली राहू द्या, ते पुसायचं नाही. त्याखाली चाललेलं बोलणं लोकांचं आहे.

चार पिढ्यांवाल्या श्रोत्याची ती पहिली कमेंट अजून तिथे आहे. तिच्याखाली आता आमच्या एका श्रोत्याने विचारलेला प्रश्न आहे, की तुमच्याकडे या शब्दाची चाल कशी म्हणतात, आणि त्याने लिहिलेलं आठ ओळींचं उत्तर.